नेरूळच्या स्थळाला पहिल्या भेटीचं विचारताना - माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावासाठी स्थळं बघायला लागून दीड वर्ष झालं. आई-बाबांना फोनवर बोलायचं टेन्शन येतं म्हणून बोलणी बहुतेक मीच करते, माहेर ठाण्यात नौपाड्याला आणि मी कोलबाडला, त्यामुळे रोज जाणं-येणं असतंच. मला सगळ्यात अवघड गेलं ते समोरच्यांना "भेटूया का" असं विचारणं, पत्रिका वगैरे त्यामानाने सोपी.

आधी एकदा आमच्याकडून चुकलंय. डोंबिवलीचं स्थळ होतं, शुक्रवारी रात्री पत्रिका जुळतेय असं कळलं आणि बाबांनी लगेच फोन लावून "रविवारी येतो आम्ही" सांगितलं, तिकडून "या ना, या" आलं, आम्हाला वाटलं झालं. गेलो सात जण, मामा-मामी धरून. टेबलावर पोहे, बटाटेवडे, शिरा सगळं मांडलेलं, आणि मुलीच्या आईच्या मनगटावर तेलाचा ताजा चटका, त्यावर टूथपेस्ट लावलेली. भाऊ आणि मुलगी गॅलरीत दहा मिनिटं बोलले तेव्हा ती म्हणाली की माझी ऑफिसची परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात, मला या महिन्यात कोणालाच भेटायचं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं त्या दिवशी. मुलाकडचे "येतो" म्हणाले की मुलीचे आईवडील तोंडावर नाही म्हणतच नाहीत, त्यामुळे त्या "या ना"ला होकार समजण्यात अर्थच नाही.

नेरूळचं स्थळ आईच्या मैत्रिणीने, म्हणजे आमच्या काकूंनी सुचवलं. बायोडेटा आले-गेले, गुण साडेतेवीस जुळले, नाडी वेगळी, म्हणजे दोन्हीकडच्या मोठ्यांचं समाधान झालं. यावेळी भेटीचा विषय काढायच्या आधी मी काकूंना एकच विचारायला सांगितलं, मुलीने स्वतः बायोडेटा वाचलाय का आणि तिला पुढे बोलावंसं वाटतंय का. चार दिवसांनी उत्तर आलं की हो, पण आधी फोनवर बोलायचंय. मग ते दोघं दोनदा फोनवर बोलले आणि त्यानंतरच मी तिच्या बाबांना फोन केला. तोही दोन मिनिटांचाच, म्हटलं काका, मी तुम्हाला मेसेज पाठवते, आत्ता फोनवर काही सांगू नका, घरी बोला निवांत. कारण फोनवर माणूस गडबडीत हो म्हणून बसतो आणि मग अडकतो.

मेसेज लिहायला मला पूर्ण संध्याकाळ लागली, शेवटी असा झाला:

"नमस्कार काका. तुम्हा सगळ्यांना भेटायला आम्हाला मनापासून आवडेल. तुमच्याकडे घट बसतात असं काकू म्हणाल्या, म्हणून दसऱ्यानंतरचे दोन शनिवार आणि दोन रविवार आम्ही मोकळे ठेवलेत, यातला कुठलाही चालेल, यातला जमत नसेल तर दिवाळीनंतरही चालेल. आमच्याकडून आई, बाबा, भाऊ आणि मी असे चौघंच येऊ. संध्याकाळी ४ ते ५:३०, फक्त चहा, कृपया काही करत बसू नका. तुमच्या घरी, आमच्या घरी किंवा बाहेर कुठे, तुम्हाला सोयीचं असेल तिथे. आणि तुमचा विचार पुढे जायचा नसेल तर काकूंना सांगितलंत तरी आम्हाला पोचेल, मनात काही राहणार नाही. घाई अजिबात नाही."

यातली पहिली ओळ बाबांमुळे आली. त्यांनी माझा आधीचा मसुदा वाचला आणि म्हणाले अगं असं लिहिलंस तर त्यांना वाटेल आपल्यालाच इंटरेस्ट नाही. बरोबर होतं त्यांचं, सारखं "तुम्हाला जमलं तर, वाटलं तर" लिहिलं की मेसेज कोरडा होतो आणि मुलीकडचे काळजीत पडतात की यांचं दुसरीकडे ठरलंय की काय. म्हणून आपली इच्छा एकदा स्पष्ट सांगायची, आणि मग निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

तारखांचंही सांगते. तेव्हा नुकतेच गणपती झाले होते, पुढे पितृपक्ष, मग लगेच नवरात्र. आई म्हणत होती पितृपक्ष लागायच्या आत उरकून घेऊ. पण तेव्हा हातात तीनच दिवस होते आणि "आत उरकू" म्हटलं की समोरच्याला धावपळ करावीच लागते. दसरा ते दिवाळी साधारण वीस दिवस मिळतात, त्यातले शनिवार-रविवार दिले की निवडायला जागा राहते. चौघंच येऊ हे तर लिहायलाच हवं, किती माणसं येणार हे माहीत नसलं की त्या घरची बाई दहा जणांचं करून ठेवते. आणि काकूंकडे सांगा हे लिहिलं कारण नकार थेट द्यायला सगळ्यांनाच जड जातं, मधला माणूस असतो तो त्यासाठीच.

मेसेज पाठवला, ब्लू टिक आली, आणि पाच दिवस काहीच नाही. आई रोज विचारायची, आला का, एकदा नुसतं गुड मॉर्निंग पाठव ना. नाही पाठवलं. मला आता एवढ्या दीड वर्षात कळायला लागलंय की "पुन्हा एकदा गुरुजींना दाखवतो", "सध्या पाहुणे आहेत" असं आलं आणि त्याच्यासोबत दुसरी तारीख नाही आली तर तो नकार असतो, परत विचारायचं नाही. अडचण खरी असेल तर माणूस स्वतःहून "त्याच्या पुढच्या रविवारी जमेल का" म्हणतो. आणि दोन आठवडे काहीच नाही आलं तर काकूंमार्फत एकदाच विचारायचं, आपण थेट नाही.

सहाव्या दिवशी मुलीच्या आईंचाच फोन आला. म्हणाल्या ताई, एक विचारू का, राग नका मानू, ती चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन येणार नाही म्हणतेय, तिला सगळ्यांसोबत बसून बोलायचंय, म्हणून बाहेर भेटलो तर चालेल का. मी म्हटलं काकू, उलट तुम्ही हे मोकळेपणाने सांगितलंत ते फार बरं वाटलं. सीवूड्स स्टेशनजवळचं एक साधं रेस्टॉरंट त्यांनी सुचवलं. रविवार ठरत होता पण ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक असला तर साधारण सकाळी अकरापासून चारपर्यंत ठाण्याहून गाडीच नसते, त्यामुळे मी आधीच सांगितलं की शनिवार घेऊया, नाहीतर आम्ही धापा टाकत येणार आणि त्यांना थांबावं लागणार. त्यांनाही शनिवार बराच वाटला.

निघताना आईने पेढ्यांचा बॉक्स आणि ओटीचा नारळ पिशवीत टाकला होता. नारळ मी काढून ठेवला, पहिल्याच भेटीत ओटी भरली की ठरल्यासारखंच वाटतं. पेढ्यांऐवजी एक खाऊचा पुडा नेला. सव्वा तास बसलो, बिल दोन्हीकडच्यांनी अर्धं-अर्धं केलं, आणि निघताना बाबांनी "कसं वाटलं" विचारायच्या आधीच मी म्हटलं की दोन्ही घरं पुढच्या शनिवारपर्यंत काकूंना कळवू, चालेल ना. मुलीच्या बाबांचा चेहरा एकदम सैल झाला.

गुरुवारी काकूंचा फोन आला, मुलीला भावाला एकटीने अजून दोनदा भेटायचंय, मोठ्यांनी तोपर्यंत काही बोलू नये असं तिचं म्हणणं. आम्ही बरं म्हटलं. काल ते दोघं तलावपाळीला भेटले, भाऊ रात्री साडेनऊला आला, आई दार उघडायला गेली आणि जेवायला वाढते एवढंच म्हणाली.