पहिल्या ग्रेडची थिअरी आणि सर्कल ऑफ फिफ्थ्स: माझा अनुभव

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या पहिल्या ग्रेडच्या थिअरीत चारच की विचारतात: सी मेजर, जी मेजर, डी मेजर आणि एफ मेजर. पुस्तक उघडलं की मात्र समोर सर्कल ऑफ फिफ्थ्स, म्हणजे सगळ्या कींचं बारा घरांचं आख्खं वर्तुळ येतं. बाहेर मेजर, आत मायनर, खाली शार्प आणि फ्लॅट एकमेकांत मिसळलेले. आमच्या बाईंनी ते पान मला पहिल्या दिवशीच मिटायला सांगितलं आणि कोऱ्या कागदावर चार अक्षरं ओळीने लिहून दिली: एफ, सी, जी, डी. "एवढाच तुकडा नीट समजून घे, पुढचं वर्तुळ आपोआप भरत जाईल," असं त्या म्हणाल्या. ते शब्दशः खरं ठरलं. हा लेख त्या चार अक्षरांपुरताच आहे.

सीला काही नाही, जीला एक शार्प, डीला दोन, एफला एक फ्लॅट. हे पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. पण पाठ केल्यावरही मला चैन पडेना. जीमध्ये एफच का चढतो? सी किंवा बी का नाही? एफच्या कीमध्ये शार्प न येता फ्लॅट का येतो? कारण कळल्याशिवाय ही माहिती परीक्षेत टिकणार नाही असं वाटत होतं. कारण सापडलं ते आपल्या सरगमच्या मदतीने.

सी मेजर म्हणजे कीबोर्डवर सीपासून पुढच्या सीपर्यंतच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. सीला सा मानलं की हे सगळे शुद्ध स्वर झाले. आता त्याचे दोन भाग करायचे. सा रे ग म हे पूर्वांग, म्हणजे सी डी ई एफ. प ध नि सां हे उत्तरांग, म्हणजे जी ए बी सी. दोन्ही भागांतली अंतरं मोजा. सी ते डी एक टोन, डी ते ई एक टोन, ई ते एफ सेमिटोन. जी ते ए टोन, ए ते बी टोन, बी ते सी सेमिटोन. दोन्ही भाग हुबेहूब सारखे निघतात: टोन, टोन, सेमिटोन. मधे म ते प हे अंतर एका टोनचं. कुठलीही मेजर स्केल म्हणजे असे दोन सारखे भाग आणि त्यांच्यामध्ये एक टोन, बस.

आता वर्तुळाचं पहिलं पाऊल टाकू. सीपासून पाचवा स्वर मोजायचा, आणि सी स्वतः पहिला धरायचा: सी, डी, ई, एफ, जी. म्हणजे आपला प. त्या जीला नवा सा करायचं. गंमत अशी की नव्या स्केलचं पूर्वांग आपल्याकडे आधीच तयार आहे. सीचं उत्तरांग जी ए बी सी होतं, तेच जीचं पूर्वांग झालं, त्यात काही बदलावं लागत नाही. प्रश्न उरतो तो नव्या उत्तरांगाचा. डी ई एफ जी. डी ते ई टोन, ठीक. ई ते एफ मात्र सेमिटोन, जिथे आपल्याला टोन हवा. आणि एफ ते जी टोन, जिथे सेमिटोन हवा. एफला एक सेमिटोन वर नेलं की दोन्ही अंतरं एकदम जागेवर येतात: डी ई एफ शार्प जी. जीच्या की सिग्नेचरमधला एकुलता एक शार्प इथून आला. दुसऱ्या कुठल्या स्वराला हात लावायची गरजच नव्हती.

हे कागदावर स्वतः मांडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सीच्या स्केलमध्ये एफ हा म होता. तो तीव्र झाला आणि जीच्या स्केलमध्ये नि होऊन बसला. पुढच्या पावलालाही असंच होतं का, हे पाहायला मी लगेच जीवरून निघाले. जीचा प म्हणजे डी. जीचं उत्तरांग डी ई एफ शार्प जी, तेच डीचं पूर्वांग. म्हणजे एफ शार्प तसाच पुढे आला. म्हणूनच शार्पची संख्या वाढत जाते, जुने पुसले जात नाहीत. नवं उत्तरांग ए बी सी डी. त्यात बी ते सी सेमिटोन आहे, म्हणून सी चढवायचा. आणि सी हा जीच्या स्केलमधला म होता! नियम तोच राहिला. एक पाऊल पुढे गेलं की जुना म तीव्र होतो आणि नव्या ‘सा’जवळ नि म्हणून उभा राहतो. त्यामुळे शार्पचा क्रमही पाठ करावा लागत नाही. आधी एफ, मग सी.

एफ मेजरसाठी उलट चालायचं. सीपासून पाच स्वर खाली: सी, बी, ए, जी, एफ. इथे बरेच जण सीला वगळून मोजतात आणि ई वर पोहोचतात. उत्तर तपासायची सोपी खूण अशी: जिथे पोहोचलात तिथून पाच स्वर वर मोजा, पुन्हा सी आला पाहिजे. एफ, जी, ए, बी, सी. आला. या वेळी सीचं पूर्वांग, सी डी ई एफ, हे एफचं उत्तरांग होतं आणि दुरुस्ती नव्या पूर्वांगात करावी लागते. एफ जी ए बी. एफ ते जी टोन, जी ते ए टोन, पण ए ते बीसुद्धा टोनच, आणि तिथे सेमिटोन हवा. बी अर्धा खाली आणायचा. सीचा नि कोमल झाला आणि एफचा म बनला. पुढे जाताना म चढतो, मागे येताना नि उतरतो. शार्प आणि फ्लॅट या दोन दिशा आहेत हे मला इथे पहिल्यांदा दिसलं.

त्या काळ्या पट्टीला बी फ्लॅट म्हणायचं, ए शार्प नाही, यालाही कारण आहे. स्केलमध्ये सातही अक्षरं एकेकदाच यायला हवीत. एफ जी ए ए शार्प असं लिहिलं तर ए दोनदा येतो आणि बी गायब होतो. परीक्षेत स्केल तपासताना मी आधी अक्षरंच मोजायचे, अंतरं नंतर.

स्टाफवर की सिग्नेचर लिहिणं हा वेगळा सराव आहे. क्रम असा: आधी क्लेफ, मग की सिग्नेचर, मग टाइम सिग्नेचर. की सिग्नेचर प्रत्येक नव्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा येते, टाइम सिग्नेचर येत नाही. ट्रेबल क्लेफमध्ये एफ शार्प सगळ्यात वरच्या, म्हणजे पाचव्या रेषेवर बसतो आणि सी शार्प खालून तिसऱ्या जागेत. एफ मेजरचा बी फ्लॅट मधल्या रेषेवर. बेस क्लेफमध्ये हीच आकृती जशीच्या तशी एक रेषा खाली सरकते. एफ शार्प चौथ्या रेषेवर, सी शार्प दुसऱ्या जागेत, बी फ्लॅट दुसऱ्या रेषेवर. ही परीक्षा आता ऑनलाइन असते आणि उत्तर दिलेल्या पर्यायांतून ओळखायचं असतं. त्यामुळे नुसते शार्प मोजून भागत नाही. ते योग्य जागी आणि योग्य क्रमाने आहेत का, आणि क्लेफ कुठला आहे, हे आधी बघायची सवय मी लावून घेतली.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो की सिग्नेचर न देता धून देऊन 'ही कोणत्या कीमध्ये आहे' असं विचारणाऱ्या प्रश्नावर. सरावासाठी बाईंनी लिहून दिलेली एक छोटी धून इथे देते. ट्रेबल क्लेफ, प्रत्येक बारमध्ये तीन क्रॉचेट. पहिला बार: ए, एफ शार्प, ए. दुसरा: सी शार्प, बी, सी. तिसरा: डी, ए, जी. चौथा: ई, एफ शार्प, डी.

आमच्याच वर्गातल्या एका मुलीने याला जी मेजर म्हटलं. तिचं म्हणणं असं होतं की दुसऱ्या बारच्या शेवटी साधा सी आहे, मग सी शार्प की सिग्नेचरमधला कसा असेल? पण बारमध्ये एखाद्या स्वरापुढे शार्प लिहिला की तो त्या बारच्या शेवटापर्यंत त्याच रेषेवर किंवा जागेत लागू राहतो. म्हणजे तो शेवटचा सीसुद्धा सी शार्पच आहे, त्याच्यापुढे चिन्ह नसलं तरी. बारलाइन आली की परिणाम संपतो. म्हणूनच चौथ्या बारमध्ये एफला शार्प पुन्हा लिहावा लागला. हे लक्षात घेतल्यावर धुनेत शार्प झालेले स्वर दोनच उरतात, एफ आणि सी, आणि ते नेहमीच शार्प आहेत. एफ शार्प दिसला की उत्तर जी किंवा डी. दोघांमधला निवाडा सी करतो. साधा असेल तर जी, शार्प असेल तर डी. इथे डी. शिवाय शेवटचा शार्प नि असतो, त्याच्या एक सेमिटोन वर सा. सी शार्पच्या वर डी. धून डीवर थांबतेही आहे, पण एकट्या शेवटच्या स्वरावर मी भरवसा ठेवत नाही, कारण प्रश्नात धुनेचा नुसता तुकडाही असू शकतो.

मग तीच धून की सिग्नेचर घालून पुन्हा लिहायची. सुरुवातीला दोन शार्प आले की आतली तिन्ही चिन्हं काढून टाकायची. पहिल्या बारमधला एफ पहिल्या जागेत आहे आणि की सिग्नेचरमधला शार्प पाचव्या रेषेवर, तरी तो लागू होतो. की सिग्नेचर प्रत्येक सप्तकातल्या त्या अक्षराला लागते, मधे लिहिलेलं चिन्ह मात्र फक्त आपल्या रेषेपुरतं किंवा जागेपुरतं. हा फरक डोक्यात पक्का बसला आणि या प्रकारचे प्रश्न मला सुटायला लागले.

परीक्षा झाल्यावर घरी मी एक पाऊल स्वतःहून पुढे टाकलं. डीचा प म्हणजे ए. डीचा म म्हणजे जी, तो चढला की जी शार्प, आणि तो एचा नि. ए मेजरला तीन शार्प: एफ, सी, जी. दुसऱ्या ग्रेडच्या पुस्तकात बघितलं, तेच होतं.