साठी पूर्ण व्हायच्या पंधरा दिवस आधीच ज्येष्ठ

एका नागरी सहकारी बँकेच्या संगणकप्रणालीची देखभाल आमच्याकडे आहे. मार्चअखेरच्या तपासणीत त्यांच्या कन्करंट ऑडिटरने एका मुदत ठेवीवर शेरा मारला: ‘ठेवीदाराचे वय ६० पूर्ण नसताना ज्येष्ठ नागरिकाचा व्याजदर दिला.’ बँकेच्या ठेव विभागातून फोन आला तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं, की जन्मतारीख चुकीची भरली गेली असावी. मी पॅनकार्डाची प्रत आणि खात्यातली नोंद शेजारी ठेवून पाहिली. जन्मतारीख दोन्हीकडे तीच होती, २० मार्च १९६४. ठेवीचं नूतनीकरण ६ मार्च २०२४ ला झालं होतं. त्या दिवशी या गृहस्थांचं वय ५९ वर्षं, ११ महिने आणि १५ दिवस होतं, पण प्रणालीने ते ६० धरलं होतं.

ठेव पाच लाखांची, दोन वर्षांची, दरमहा व्याज घेण्याची. ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त. साध्या हिशेबाने महिन्याला सुमारे २०८ रुपये, म्हणजे दोन वर्षांत ५,००० रुपये जादा जाणार. रक्कम बँकेच्या मानाने किरकोळ आहे, पण ऑडिटरचा प्रश्न रास्त होता: ही एकच ठेव आहे, की अशा आणखी आहेत?

वय काढणारी ओळ शोधायला वेळ लागला नाही. जुन्या पुरवठादाराच्या काळापासून ती अशी होती:

```sql
FLOOR(DATEDIFF(open_date, dob) / 365)
```

दोन तारखांमधले दिवस मोजायचे, ३६५ ने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. संगणकाला तारखांची वजाबाकी करायला सांगितली की उत्तर दिवसांत मिळतं, आणि दिवस हाताशी आले की भागाकाराचा मोह होतो. वाचायलाही ती ओळ सरळ वाटते. पण या ठेवीचे आकडे तिच्यात घालून बघा. २० मार्च १९६४ ते २० मार्च २०२४ या साठ वर्षांत २९ फेब्रुवारी पंधरा वेळा येऊन गेली: १९६८ ला पहिली, २०२४ ला शेवटची. म्हणजे साठाव्या वाढदिवशी एकूण दिवस भरतात ६० × ३६५ + १५ = २१,९१५. सूत्राला मात्र ६० म्हणायला २१,९०० दिवस पुरतात, आणि तेवढे दिवस ५ मार्चलाच भरले होते. ६ मार्चला दिवस होते २१,९०१. त्याला ३६५ ने भागलं की ६०.००२७ येतं, अपूर्णांक सोडला की साठ.

म्हणजे प्रत्येक लीप वर्ष त्या माणसाला एकेक दिवस पुढे ढकलत होतं. वय जितकं जास्त, तितकी चूक मोठी. अठराव्या वर्षी ती चार किंवा पाच दिवसांची असते, साठाव्या वर्षी पंधरा, ऐंशीव्या वर्षी वीस. चूक दिसते मात्र फक्त वाढदिवसाच्या अलीकडच्या तेवढ्याच दिवसांत. ५ ते १९ मार्च हे पंधरा दिवस सोडले, तर वर्षभरात याच माणसाचं वय हे सूत्र अगदी बरोबर सांगतं. त्यामुळे कुणी सहज चार खाती काढून वयं पडताळली तरी काही सापडत नाही.

काउंटरवर नवीन ठेव ठेवली जाते तेव्हा क्लार्क आधारकार्ड हातात घेऊन जन्मतारीख बघतो. साठी जवळ आलेली असेल तर ग्राहकही स्वतःहून म्हणतो, ‘साहेब, पंधरा दिवस थांबलो तर जास्त व्याज मिळेल ना?’ तिथे चूक सहसा पकडली जाते. आपोआप होणारं नूतनीकरण मात्र दिवसअखेरीच्या प्रक्रियेत रात्री होतं. मुदत संपलेल्या ठेवी प्रणाली उचलते, त्या तारखेचं वय काढते, दर लावते आणि सकाळी पावती तयार असते. मध्ये माणूस कुठेच नाही. म्हणून मी आधी नूतनीकरणाच्या नोंदी तपासायचं ठरवलं.

अशा ठेवी शोधायला सगळ्यांची वयं पुन्हा मोजत बसावं लागत नाही. जुन्या सूत्राने साठ झाले, पण साठावा वाढदिवस अजून आला नाही, एवढी एक अट पुरते:

```sql
SELECT fd_no, dob, open_date
FROM fd
WHERE DATEDIFF(open_date, dob) >= 60 * 365
  AND open_date < DATE_ADD(dob, INTERVAL 60 YEAR);
```

यादी आली तेव्हा बहुतेक नोंदी आपोआप नूतनीकरणाच्याच निघाल्या. प्रत्येक ओळीत ठेवीची तारीख आणि साठावा वाढदिवस यांच्यात एक ते पंधरा दिवसांचं अंतर होतं, त्याहून जास्त एकाही ठिकाणी नव्हतं. कारण ठरवायला ही खूण महत्त्वाची आहे. जन्मतारखा चुकीच्या भरल्या असत्या तर फरक कसाही, महिन्यांचा किंवा वर्षांचाही निघाला असता. सगळे फरक लीप दिवसांच्या संख्येच्या आत बसले, की दोष भागाकाराचाच. हे दाखवल्यावर ऑडिटरने डेटा एंट्रीचा मुद्दा मागे घेतला आणि शेरा प्रणालीच्या नावे नोंदवला.

आमच्या टीममधल्या एका मुलाने दुरुस्ती लगेच सुचवली: ३६५ च्या जागी ३६५.२५ घालू. बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच करतात, आणि ते का फसवं आहे हे इथे फार स्पष्ट दिसतं. आज हयात असलेल्या कोणाचीही जन्मतारीख घेतली, तरी साठाव्या वाढदिवसापर्यंत बरोबर पंधरा लीप दिवस येतात, कारण साठला चारने पूर्ण भाग जातो आणि २००० हेही लीप वर्ष होतं. २१,९१५ ला ३६५.२५ ने भागलं की बिनचूक ६० मिळतं. त्याने साठीच्या जवळच्या सगळ्या तारखा तपासल्या आणि प्रत्येक उत्तर बरोबर आलं.

पण तेच फंक्शन अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या मुलांच्या खात्यांनाही वापरलं जात होतं. अठराला चारने पूर्ण भाग जात नाही. १० मे २००५ ला जन्मलेल्या मुलीचं उदाहरण घेऊ. तिचा अठरावा वाढदिवस १० मे २०२३. मधल्या काळात लीप दिवस फक्त चार: २००८, २०१२, २०१६, २०२०. एकूण दिवस ६,५७४. त्याला ३६५.२५ ने भागलं तर १७.९९८६, म्हणजे वाढदिवशीच प्रणाली तिला सतरा वर्षांची ठरवणार. ती खातं स्वतःच्या नावावर करून घ्यायला त्या दिवशी शाखेत आली, तर क्लार्कपुढचा पडदा ‘अज्ञान’ दाखवत राहणार आणि दुसऱ्या दिवशी तीच नोंद आपसूक बदलणार. ज्याच्या वाट्याला पाच लीप दिवस आले, त्याच्या बाबतीत मात्र ६,५७५ दिवस भरतात आणि उत्तर बरोबर येतं. म्हणजे चूक कधी होते, कधी होत नाही, आणि अशी चूक शोधणं जास्त कठीण.

जुन्या ३६५ ने हीच मुलगी ६ मे रोजी सज्ञान झाली असती, चार दिवस आधी. माझ्या मते हा दोष व्याजाच्या फरकापेक्षा गंभीर आहे. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यात वय कसं मोजायचं ते सांगितलेलं आहे: जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरायचा, आणि अठराव्या वाढदिवसाच्या प्रारंभी माणूस सज्ञान झाला असं मानायचं. अज्ञान व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही. त्या चार दिवसांत तिने एकटीच्या सहीने ठेव मोडली, तर बँकेच्या हातात निरुपयोगी सही उरते.

भाजक कोणताही घेतला तरी हे सुटत नाही, कारण वर्ष म्हणजे दिवसांची ठरावीक संख्या नाही. वय म्हणजे किती वाढदिवस होऊन गेले, त्यांची संख्या. आपण तोंडी हिशेब करतो तो याच पद्धतीने: वर्षातून वर्ष वजा करायचं, आणि यंदाचा वाढदिवस अजून यायचा असेल तर एक कमी करायचा. २०२४ वजा १९६४ म्हणजे ६०. ६ मार्च ही २० मार्चच्या आधी येते, म्हणून ५९. आधी महिना बघायचा, महिना सारखा असेल तरच दिवस. हे डेटाबेसमध्ये तयार मिळतं:

```sql
TIMESTAMPDIFF(YEAR, dob, open_date)
```

ठेव विभागाची एक एक्सेल शीटही होती, तिच्यात `=(C2-B2)/365` असं सूत्र होतं. शिवाय सेलला दशांश न दाखवण्याचं फॉरमॅट असल्यामुळे ५९.६ हे छापताना ६० दिसायचं, म्हणजे चूक पाच-पाच महिन्यांवर जायची. तिथे `=DATEDIF(B2,C2,"Y")` घालून दिलं.

२९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचा प्रश्न उरतो. लीप नसलेल्या वर्षी `TIMESTAMPDIFF` त्यांचं वर्ष १ मार्चला पूर्ण झालं असं धरतो, २८ फेब्रुवारीला नाही. `DATE_ADD` मात्र वर्षं मिळवताना २८ फेब्रुवारी देतो. एकाच प्रणालीत एका पडद्यावर हे आणि दुसऱ्यावर ते वापरलं, तर त्या एका दिवशी दोन पडदे दोन वयं दाखवतात. साठीला हा पेच येत नाही, कारण १९६४ च्या २९ फेब्रुवारीला साठ वर्षांनी २०२४ ची २९ फेब्रुवारी मिळतेच. अठराला तो येतो. बँकेने १ मार्च ही तारीख धरायचं लेखी कळवलं आणि आम्ही सगळीकडे एकच फंक्शन लावलं.

ज्या ठेवींना जादा दर लागला होता, त्यांच्या पावत्यांवर तो दर छापलेला होता आणि ग्राहकांची त्यात काहीच चूक नव्हती. संचालक मंडळाने मुदत संपेपर्यंत तोच दर चालू ठेवण्याचा ठराव केला. ऑडिटरने तो ठराव फाईलला लावून शेरा बंद केला.

नवीन फंक्शन तपासताना प्रत्येक मर्यादेसाठी, म्हणजे १८, ६० आणि ८० साठी, वाढदिवसाचा आदला दिवस, वाढदिवस आणि वाढदिवसाच्या वीस दिवस आधीची तारीख घेतली. जन्मवर्षं सलग चार घेतली, म्हणजे अठरा वर्षांत चार लीप दिवस येणारे आणि पाच येणारे असे दोन्ही प्रकार सापडतात.

एका ठिकाणी मात्र हे फंक्शन जाणूनबुजून लावलं नाही. व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठ ठेवीदार तेव्हा फॉर्म १५एच देत असत. तिथे ठेवीच्या तारखेचं वय बघायचं नसतं, आर्थिक वर्षात कधीही साठ पूर्ण झाले की पुरतं. म्हणून तिथे वय ३१ मार्चचं काढायचं. त्यातही १ एप्रिलला जन्मलेल्यांबद्दल प्रत्यक्ष कर मंडळाचं जुलै २०१६ चं परिपत्रक आहे: करासाठी त्यांचं वय आदल्या दिवशी, ३१ मार्चलाच पूर्ण झालं असं मानायचं. साधं वाढदिवसाचं सूत्र या लोकांना एक पूर्ण वर्ष उशिरा ज्येष्ठ ठरवतं. म्हणून या फॉर्मसाठी वेगळं फंक्शन लिहिलं आणि त्यात ३१ मार्चऐवजी १ एप्रिल ही तारीख दिली. दुसऱ्या कोणत्याही जन्मतारखेचं उत्तर त्यामुळे बदलत नाही.