आमची वाटचाल: साखरपुड्याचं नव्हे, कामाचं पत्र

२०१७ च्या जुलैत जीएसटी लागला तेव्हा मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करत होते, आणि दीड वर्षाने आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून जीएसटी रिटर्न भरून द्यायचं स्वतःचं काम सुरू केलं. मी आणि माझी भावजय, बस. पहिले सगळे क्लायंट तोंडओळखीचे. कोणाचा मेव्हणा, कोणाचा शेजारी. फी काय तर "बघू वहिनी, तुम्ही म्हणाल तसं", आणि काम काय तर "सगळं तुम्हीच बघा". या "सगळं" शब्दाने आमची वाट लावली असती खरं तर.

झालं असं की एका हार्डवेअरच्या क्लायंटने २०२२ मध्ये २ लाख ४० हजारांचा माल घेतला, त्यावर १८ टक्के म्हणजे ४३,२०० जीएसटी. बिल एकदम पक्कं, पैसेही बँकेतून गेलेले, म्हणून मी क्रेडिट घेऊन टाकलं, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी त्याच्या विक्रीच्या जीएसटीतून वजा केला. पण ज्याने माल विकला त्याने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, ते बिल टाकलंच नव्हतं, त्यामुळे आमच्या २बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी टाकलेल्या बिलांवरून पोर्टल दर महिन्याला बनवतं त्या यादीत, ते दिसत नव्हतं, आणि जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. हे मला माहीत होतं, पण त्या महिन्यात बिलं आली १९ तारखेला रात्री, कॅरीबॅगमध्ये कोंबून, आणि ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न, २० तारखेला भरायचं, मग जुळवायला वेळ कुठला.

पुढे जीएसटी खात्याची नोटीस आली. ती बघितलीच नाही कोणी! कारण रजिस्ट्रेशनच्या वेळी मोबाईल आणि ईमेल आम्ही आमचाच टाकला होता (तेव्हा सगळेच असं करायचे, ओटीपीसाठी सारखा फोन करायला नको म्हणून) आणि तो ईमेल आमच्या ढिगात गेला. शेवटी ४३,२०० आणि दहा महिन्यांचं १८ टक्क्यांनी ६,४८० व्याज भरायची वेळ आली. माल विकणारा तर तोवर दुकान बंद करून गायब, त्यामुळे त्याने नंतर भरलं तर क्रेडिट परत घेऊ ही आशाही संपली. क्लायंट म्हणाला, "वहिनी, सगळं तुम्हीच बघत होता ना?" काय उत्तर देणार. बिलं उशिरा दिली ही त्याची चूक, न जुळवता भरलं ही माझी चूक, आणि कुठेही काही लिहिलेलं नाही. व्याज मी भरलं, टॅक्स त्याने भरला, आणि क्लायंट गेला तो गेलाच.

त्यानंतर मी आणि भावजयीने दोन पानांचं पत्र तयार केलं. एंगेजमेंट लेटर, म्हणजे कोणतं काम कोणाचं, फी किती आणि चूक झाली तर काय हे लिहिलेलं. आमच्या सासूबाईंनी विचारलं, कोणाचा साखरपुडा आहे म्हणून 😄

गेल्या वर्षी कुपवाड एमआयडीसीतला एक फॅब्रिकेशनवाला आला, त्याच्यासोबत हे पत्र ओळ न् ओळ वाचलं ते सांगते. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, कागद कशाला, विश्वास आहे आपला." मी म्हटलं, दादा, विश्वास आहे म्हणूनच आत्ता लिहू, भांडण झाल्यावर कोण लिहितं.

कामाच्या कलमात दरमहा तीन गोष्टी आहेत: जीएसटीआर-१ भरणं, २बी शी खरेदीची बिलं जुळवणं, ३बी भरणं. त्याच्या खालीच "यात काय येत नाही" हे लिहिलंय, आणि ते वरच्यापेक्षा लांब आहे मुद्दाम. हिशेबाच्या वह्या लिहिणं नाही, ई-वे बिल नाही, वार्षिक रिटर्न नाही, नोटिशीचं उत्तर नाही. नोटीस आली की वेगळं काम, वेगळी फी, आधी सांगून. दादा इथे अडला, "मग नोटीस आली तर मी काय करू?" म्हणून एक ओळ वाढवली, की महिन्यातून एकदा पोर्टलवर नोटीस आलीय का ते आम्ही बघू आणि आली असेल तर त्याच दिवशी कळवू. मोबाईल, ईमेल मात्र त्याचाच राहील. ओटीपी त्याच्याकडे येईल आणि पासवर्डही त्याच्याकडे राहील, म्हणजे उद्या आम्हाला सोडून गेला तरी त्याचं काही अडत नाही.

फी ठरली महिन्याला ३,५००, वर १८ टक्के जीएसटी ६३०, म्हणजे ४,१३०. शिवाय मागच्या वर्षाचा गोंधळ निस्तरायला एकदाच १२,०००. इथे एक गंमत आहे बघा. वर्षाचे ४२,००० आणि हे १२,००० मिळून ५४,००० होतात, आणि प्रोफेशनल फीवर टीडीएसची मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५० हजार आहे. त्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेलेली असल्याने त्याने आमच्या फीतून १० टक्के कापायला हवेत, आणि मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या ४ हजारांवर नाही तर पूर्ण ५४,००० वर, म्हणजे ५,४००, जीएसटीचा भाग सोडून. हे पत्रात लिहिलं नसतं तर त्याने कापलं नसतं आणि नंतर त्याच्याच गळ्यात आलं असतं. आणि कापलं तर आम्हाला वाटलं असतं पैसे कमी का आले.

तिसरा भाग त्याच्या जबाबदारीचा. विक्री-खरेदीची सगळी बिलं ५ तारखेपर्यंत, कारण जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११. २बी येतं १४ ला, आम्ही जुळवून टॅक्सचा आकडा १७ पर्यंत व्हॉट्सअपवर पाठवतो, त्याने बघून १८ पर्यंत "ओके" लिहायचं आणि पैसे भरायचे. ज्या सप्लायरचं बिल २बी मध्ये नाही त्याची यादी आम्ही देणार, पण त्याच्या मागे लागायचं दादाने, आमचा त्या सप्लायरवर काय जोर?

चूक झाली तर काय, हे लिहायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी असं ठरवलं: बिलं ५ ला आली, ओके १८ ला आला आणि तरी आमच्याकडून उशीर झाला तर लेट फी, दिवसाला ५० रुपये, आम्ही भरणार. बिलं उशिरा आली तर तो भरणार. टॅक्स नेहमीच त्याचा, कारण तो त्याला द्यायचाच होता. न जुळवता आम्ही क्रेडिट घेतलं तर व्याज आमचं. हे शेवटचं वाक्य माझ्या भावजयीला अजूनही आवडत नाही, ती म्हणते स्वतःच्या पायावर कुऱ्हाड. पण ते लिहिल्यापासून १९ तारखेची बिलं मी त्या महिन्यात घेतच नाही, पुढच्या महिन्यात घेते. पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट घेता येतं, मग घाई कशाला.

सोडायचं असेल तर दोघांनीही एक महिना आधी लेखी सांगायचं, आणि फी बाकी असली तरी त्याचे कागद आम्ही अडवून ठेवणार नाही. हे वाचून दादा पहिल्यांदा हसला, आधीच्या माणसाकडून कागद काढायला त्याला तीन महिने लागले होते.

दोन प्रतींवर सह्या झाल्या आणि सही करता करता त्याने माझ्याकडून पेन घेऊन खाली हाताने लिहिलं, "११ आणि २० तारखेला फोन उचलणे." मी त्यावरही सही केली. आता ते कलम आमच्या सगळ्या पत्रांत छापील आहे.