पुट विकायला ४५ दिवसच का? क्लासमध्ये न मिळालेलं उत्तर

निफ्टीचे पुट, म्हणजे निफ्टी पडला की महाग होणारे ऑप्शन, विकायला शिकताना खातं, मार्जिन, ऑर्डर टाकणं हे सगळं सुरळीत पार पडलं. गाडी अडली एकाच ठिकाणी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. क्लासमध्ये थीटाचा, म्हणजे दिवस सरतील तशा होणाऱ्या प्रीमियमच्या झिजेचा, आलेख दाखवला. प्रीमियम आधी हळूहळू उतरतो आणि शेवटच्या आठवड्यात धाडकन कोसळतो. पाठोपाठ सांगितलं की विकायचं मात्र एक्स्पायरीच्या साधारण ४५ दिवस आधी. घसरण शेवटी जोरात होत असेल तर दीड महिना आधी का विकायचं? विचारलं तर उत्तर एकच, "जुने सेलर असंच करतात." पैसे भरून शिकायला आलेल्या माणसाला हे उत्तर देतात?

शेवटी एक्सेलमध्ये ब्लॅक-शोल्सचं सूत्र घालून आकडे मांडत बसलो, तेव्हा उलगडा झाला. तो आलेख ॲट द मनी, म्हणजे निफ्टीच्या चालू पातळीजवळच्या, ऑप्शनचा असतो. सेलर बहुतेक वेळा विकतो तो लांबचा, म्हणजे निफ्टीच्या बराच खालचा, आउट ऑफ द मनी पुट. त्याची चाल वेगळी असते.

समजा निफ्टी २५,००० वर आहे, व्होलॅटिलिटी १३ टक्के आहे आणि आपण २४,००० चा पुट बघतोय. सोयीसाठी व्याज सोडून दिलं आणि निफ्टी जागचा हलला नाही असं धरलं. ४५ दिवस आधी या पुटचा प्रीमियम सुमारे ११३ येतो, ३० दिवस उरले की ६३, २१ दिवस उरले की ३४ आणि ७ दिवस उरले की जेमतेम २. म्हणजे पहिल्या २४ दिवसांतच ७९ पॉइंट, जवळजवळ ७० टक्के, पदरात पडतात. उरलेल्या २१ दिवसांत मिळण्यासारखे फक्त ३४. लांबच्या पुटमध्ये शेवटच्या आठवड्यात कोसळायला काही उरलेलंच नसतं. एवढी एक ओळ फळ्यावर लिहिली असती तर माझा केवढा वेळ वाचला असता!

मग दुसरी शंका. १० दिवसांचाच, पण तेवढ्याच डेल्टाचा, म्हणजे निफ्टी एक पॉइंट हलला की तेवढाच हलणारा, पुट विकला तर? तो २४,५०० च्या आसपास येतो आणि सुमारे ५० पॉइंट देतो. रोजचे पाच पॉइंट, ४५ दिवसांवाल्याच्या दुप्पट. मोह पडतो. इथे गॅमा, म्हणजे डेल्टा बदलण्याचा वेग, आडवा येतो. निफ्टी एका दिवसात ४०० पॉइंट पडला, तर व्होलॅटिलिटी तीच धरून ४५ दिवसांचा पुट ११३ वरून २०१ च्या आसपास जातो, म्हणजे पावणेदोन पट. १० दिवसांचा ५० वरून १५४ च्या घरात, तिप्पट. शिवाय त्याचा डेल्टा ०.१७ वरून ०.४२ वर गेलेला असतो, म्हणजे पुढची पडझडही आता बरीचशी आपल्याच खिशातून. ४५ दिवसांवाल्याचा डेल्टा ०.२८ च्या आसपास राहतो. विचार करायला, पोझिशन सरकवायला वेळ मिळतो.

तरीही ४५ दिवस म्हणजे कवच नव्हे. जास्त दिवसांच्या पुटचा व्हेगा, म्हणजे व्होलॅटिलिटी बदलली की प्रीमियम किती हलतो ते, मोठा असतो. त्याच पडझडीत व्होलॅटिलिटी १३ वरून १५ झाली तर हा पुट २६० च्या आसपास जातो, आणि पॉइंटमध्ये मोजलं तर तोटा १० दिवसांवाल्यापेक्षा थोडा जास्तच भरतो. म्हणून व्होलॅटिलिटी मोजणारा इंडिया व्हीआयएक्स अगदी तळाला असेल तेव्हा मी हात आखडता घेतो. नव्वद दिवसांच्या वाटेलाही जात नाही. तिथे रोजची झीज फारच मंद असते.

सांगायचं राहिलंच, विकण्याइतकंच बाहेर पडणंही महत्त्वाचं. निम्मा प्रीमियम मिळाला किंवा २१ दिवस उरले, जे आधी होईल तेव्हा मी पोझिशन कापतो. निफ्टी स्ट्राइकजवळ आलेला असेल तर कारण उघड दिसतं. २१ दिवस उरलेले असताना १०० पॉइंटच्या हालचालीने डेल्टा साधारण ०.०५ ने बदलतो, ३ दिवस उरले की ०.१३ च्या वर. उरलेल्या थोड्या पॉइंटांसाठी तेवढा धोका मी घेत नाही. त्यातून एक्स्पायरीच्या दिवशी इंडेक्सच्या शॉर्ट ऑप्शनवर २ टक्के जादा मार्जिनही लागतं.

अजून एक, हे ऑर्डर टाकण्याआधी वाचा. दीड महिना पुढच्या मंथलीत सौदे पातळ असतात, बिड आणि आस्कमध्ये मोठं अंतर दिसतं. मार्केट ऑर्डर टाकू नका. शक्यतो ५०० च्या पटीतला स्ट्राइक घ्या, मधल्या भावाला लिमिट लावा आणि थांबा. बरोबर ४५ वा दिवस गाठायचा अट्टहास नको, ४० ते ५० मधला कुठलाही चालतो. आणि खाली २३,५०० चा पुट विकत घेतल्याशिवाय मी २४,००० चा विकत नाही, मग प्रीमियम कमी मिळाला तरी चालेल.