f0412672.jpg म्हणजे नेमका कुठला फोटो?

मावशीच्या फोनने एका सकाळी मेमरी कार्ड ओळखायचं नाकारलं आणि ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं. मावशीने ‘हो’ म्हटलं. फोनने विचारलं की हो म्हणायचं, हा तिचा साधा हिशोब. दुपारी कार्ड माझ्याकडे आलं, ते पार रिकामं. एक गोष्ट मात्र चांगली झाली. त्यानंतर तिने त्यावर एकही नवा फोटो काढला नव्हता.

मी आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत एका इमेज फाइलमध्ये उतरवून घेतली आणि कार्ड बाजूला ठेवलं. मग त्या प्रतीवर फोटोरेक हा पुसलेल्या फाइली परत मिळवणारा प्रोग्राम चालवला. रात्रभरात 6,812 फाइली परत आल्या. मावशीला फोन करून आनंदाची बातमी दिली आणि मग फोल्डर उघडून पाहिलं. `recup_dir.1`, `recup_dir.2` करत `recup_dir.14` पर्यंत फोल्डर, आणि आत `f0412672.jpg`, `f0421888.jpg` असली नावं. ‘कॅमेरा’ नाही, ‘व्हॉट्सअ‍ॅप’ नाही, तिने हौसेने केलेलं ‘लग्न’ही नाही. फोटो सगळे आणि ओळख एकाचीही नाही.

नावं का गेली हे नीट समजून घेतल्यावरच पुढचं काम सुचलं, म्हणून ते आधी सांगतो.

फाइलचं नाव फाइलच्या आत नसतं. ते फोल्डरमध्ये असतं, आणि फोल्डर म्हणजे कार्डावर एका जागी लिहिलेली यादी. हे कार्ड 32 जीबीचं, फॅट32 पद्धतीचं होतं. अशा कार्डाची जागा खणांमध्ये वाटलेली असते. इथे एक खण 32 केबीचा होता. यादीतली प्रत्येक नोंद 32 बाइटची. तिच्यात नाव, आकार, तारखा आणि फाइल कुठल्या खणापासून सुरू होते ते असतं. त्या खणानंतर पुढचा खण कोणता, हे वेगळ्या तक्त्यात लिहिलेलं असतं. फॉरमॅटने तो तक्ता आणि सर्वांत वरच्या फोल्डरची यादी कोरी केली. फोटो होते तिथेच राहिले, त्यांच्याकडे जायचा रस्ता पुसला गेला.

फोटोरेक ती यादी शोधतच नाही. तो कार्ड पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे खणाच्या आतल्या छोट्या तुकड्यापासून, वाचत जातो आणि ओळखीची सुरुवात दिसते का ते बघतो. जेपीईजी फोटो नेहमी `FF D8 FF` या बाइटांनी सुरू होतो. ते दिसले की इथे फोटो आहे असं धरून तो पुढचं उचलतो. नाव माहीत नाही, म्हणून जिथे सापडला त्या सेक्टरचा क्रमांकच नाव म्हणून लावतो. फोल्डरही त्याचे स्वतःचेच असतात, साधारण 500 फाइली झाल्या की पुढचा. `recup_dir.7` चा मूळच्या कुठल्याही फोल्डरशी संबंध नसतो. तिथे शोधत बसण्यात माझे दोन तास गेले.

खालच्या फोल्डरांच्या याद्या कार्डावर इकडेतिकडे शिल्लक असतात, त्यामुळे नावांसकट फाइली देणारा प्रोग्राम आधी चालवून बघावा. मीही नंतर बघितला. कॅमेऱ्याच्या फोल्डरमधली जेमतेम 340 नावं आली आणि तिथेच गाडी थांबली. हा आकडा का, ते हिशोब केल्यावर कळलं. `IMG_20190413_101522.jpg` एवढ्या लांब नावाला तीन नोंदी लागतात. 32 केबीच्या खणात 1024 नोंदी मावतात, म्हणजे सुमारे 340 फाइली. यादीचा पुढचा भाग दुसऱ्या खणात होता, आणि तो कुठला हे सांगणारा तक्ताच गेलेला. मोठ्या फोल्डरांचं हे असंच होतं. लहान फोल्डर मात्र कधीकधी पूर्ण मिळतात.

आता माझी चूक. फोटोंच्या आत एक्झिफ माहिती असते, तीत फोटो काढल्याची तारीख असते, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी उत्साहात सगळ्या फाइलींची नावं तारखेप्रमाणे बदलून टाकली. कॅमेऱ्याचे फोटो सुरेख लागले. तारीख नसलेले जवळपास अडीच हजार उरले, आणि तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या शेजारी कार्डावर कोण होतं हे सांगणारे क्रमांक मी स्वतःच पुसले होते. फोटोरेकचं रूक्ष नाव हाच एकमेव धागा होता. नशिबाने मूळ फोल्डराची प्रत ठेवली होती. दुसऱ्यांदा सुरुवात केली ती फोटोंच्या आतली माहिती वाचणाऱ्या exiftool ने क्रमांकांची वही करूनच:

```
exiftool -r -q -f -p '$FileName $FileSize# $DateTimeOriginal' kaam | sort -V > yadi.txt
```

`kaam` हा प्रत केलेला फोल्डर. `-f` मुळे तारीख नसलेली फाइल वगळली जात नाही, तिच्यापुढे नुसती रेघ येते. `sort -V` हवंच, कारण काही क्रमांक सात आकडी होते आणि काही आठ आकडी. साध्या क्रमवारीत ते एकमेकांत घुसतात.

या यादीत काय दिसतं त्याचा एक नमुना. `f0412672.jpg` ची तारीख 13 एप्रिल 2019, सकाळी 10:15. खाली `f0421888.jpg`, तारीख नाही. त्याखाली `f0424256.jpg`, तारीख तीच, वेळ 10:31. पहिल्या दोन क्रमांकांतला फरक 9216. सेक्टर 512 बाइटचा, म्हणजे 47,18,592 बाइट, म्हणजे बरोबर 144 खण. पहिल्या फोटोचा आकार 47,01,334 बाइट, त्याला 144 खणच लागतात. म्हणजे तो जिथे संपला तिथेच बिनतारखेचा सुरू झाला. त्याचा आकार 11,87,420 बाइट, म्हणजे 37 खण, म्हणजे 2368 सेक्टर. 421888 मध्ये ते मिळवा, 424256 येतात. तिन्ही एकामागोमाग, मध्ये एका खणाचीही फट नाही. उघडून पाहिलं तर पहिल्याच फोटोतली मावशीची नात, फक्त उजळ केलेली. फोटो सजवायच्या अ‍ॅपने नवी प्रत काढताना एक्झिफ गाळलं होतं. 10:15 ते 10:31 च्या मध्ये कधीतरी ती प्रत साठवली गेली असणार.

ही युक्ती प्रत्येक ठिकाणी चालत नाही. जुन्या फाइली पुसल्या की रिकाम्या जागेत नव्या जाऊन बसतात, आणि मग 2017 च्या शेजारी 2021 चा फोटो दिसतो. म्हणून मी दोन्ही बाजूंचे चार-पाच शेजारी बघायचो. तारखा क्रमाने वाढत असतील तरच मधल्याला ती तारीख द्यायची. विस्कटलेल्या असतील तर अंदाज बांधायचा नाही.

सगळ्यात मोठा ढीगही याच वहीतून सुटला. साधारण 2 कोटी 10 लाख ते 2 कोटी 19 लाख क्रमांकांच्या पट्ट्यात ओळीने रेघाच रेघा होत्या, दोन हजारांवर फोटो. लांब बाजू 1600 पिक्सेल किंवा कमी, एकातही कॅमेऱ्याचं नाव नाही. मग आठवलं, फोनची जागा भरली तेव्हा मीच तिचे व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो एका दमात कार्डावर हलवले होते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना एक्झिफ काढून टाकतं, तारीख फक्त नावात राहते, आणि नावच गेलेलं. त्यामुळे या फोटोंच्या तारखा मी शोधल्या नाहीत, पट्टाच्या पट्टा उचलून एका फोल्डरमध्ये टाकला. क्रमांक तसेच ठेवले, कारण हलवतानाचा क्रम त्यांत टिकून होता.

मग तारीख असलेल्यांची पाळी. आधी नुसती चाचणी:

```
exiftool -r -d "photo/%Y/%m/IMG_%Y%m%d_%H%M%S%%-c.%%e" "-TestName<DateTimeOriginal" kaam
```

यात काहीही हलत नाही, कुठली फाइल कुठे जाईल तेवढं छापलं जातं. ठीक दिसलं की `TestName` च्या जागी `FileName` लिहायचं. `%%-c` मुळे एकाच सेकंदाचे दोन फोटो एकमेकांवर चढत नाहीत, दुसऱ्याला `-1` लागतं. या फोनमध्ये मूळ नावंही याच साच्याची होती, त्यामुळे कॅमेऱ्याचे बहुतेक फोटो अगदी पूर्वीच्याच नावाने परत उभे राहिले. हे बघताना मला फार बरं वाटलं. तारीख नसलेल्यांना ही आज्ञा हात लावत नाही, फक्त सूचना देते.

फाइल एक्सप्लोररमधल्या ‘बदलल्याची तारीख’ या रकान्यावर मात्र विसंबू नका. आत तारीख सापडली तर फोटोरेक ती तिथे लावतो, नाही सापडली तर परत मिळवल्याचा दिवस दिसतो. मावशीचं अर्धं आयुष्य मला एका मंगळवारी घडलेलं दिसत होतं.

`t` ने सुरू होणारी नावं म्हणजे मोठ्या फोटोच्या आत दडवलेलं छोटं चित्र. `t0412672.jpg` हे `f0412672.jpg` चंच पिल्लू. ती सगळी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली, पण पुसली नाहीत. सात-आठ ठिकाणी मोठा फोटो अर्ध्यानंतर करडा निघाला आणि छोटं चित्र धड होतं. असा करडा भाग म्हणजे फाइलचे खण कार्डावर सलग नव्हते, पुढे दुसऱ्याच कशाचे बाइट आले. मोठ्या व्हिडिओंत हे जास्त होतं. उरलेल्या व्हिडिओंच्या तारखा `CreateDate` मधून घेतल्या. ती वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असते, म्हणून आज्ञेत `-api QuickTimeUTC` घातलं. नाहीतर पहाटेचा व्हिडिओ आदल्या दिवशी जाऊन बसतो.

पीडीएफ आणि वर्डच्या फाइली चाळीसेक होत्या. काहींना फोटोरेकने आतलं शीर्षक नावापुढे जोडलं होतं. बाकीच्या उघडून वाचल्या. चाळीसांसाठी आज्ञा लिहीत कोण बसणार?

शेवटी 212 फोटो राहिले. तारीख नाही, शेजारी विस्कटलेले, कुठल्या पट्ट्यातही नाहीत. मावशीला लॅपटॉपसमोर बसवलं. ती एकेक बघत सांगत गेली, “हा पडदे बदलले त्या वर्षीचा. ही साडी त्याच्या नंतरची.” दीड तासात 180 लागले. राहिलेल्या 32 जणांच्या फोल्डरला तिने नाव दिलं, ‘कोण हे’.