आमची वाटचाल : कडबा कुट्टीपासून चॅनेलच्या चाव्यांपर्यंत

१९९८ साली वडिलांनी कुपवाडच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एक वेल्डिंग सेट आणि एक ड्रिल मशीन घेऊन काम सुरू केलं. आधी ट्रॉल्यांची दुरुस्ती, मग नांगराचे फाळ, आणि शेवटी कडबा कुट्टी. आज आमच्याकडे चौदा माणसं आहेत. २ एचपीची कुट्टी मशीन हा आमचा मुख्य माल. जत, आटपाडी, मंगळवेढा या पट्ट्यात ती पोचली ती आधी बाजारातून, आणि २०१७ नंतर यूट्यूबवरून.

शेडच्या दारामागे वडिलांनी एक लाकडी फळा लावला होता. प्रत्येक खिळ्यावर एक चावी आणि खाली खडूने नाव : स्टोअर, पॅनेल, ऑफिस, गेट. एखादा कामगार सोडून गेला की वडील त्याचा हिशोब चुकता करायच्या आधी फळ्याकडे बघायचे. चावी परत आली नसेल तर कुलूपच बदलायचे. हा नियम मी लोखंडी दारांना लावत आलो, पण रोज तीस-चाळीस फोन आणून देणाऱ्या चॅनेलला लावायचं माझ्या डोक्यात पाच वर्षं आलं नाही.

चॅनेल काढून दिलं ते आमचे व्हिडिओ करणाऱ्या एका मुलाने. कॅमेरा त्याचा, एडिटिंग त्याचं. आम्ही फक्त मशीन चालवून दाखवायचो. ओल्या मक्याची कुट्टी कशी पडते, पातं कसं उलटवायचं, गव्हाणीत हात जाऊ नये म्हणून गार्ड कुठे असतो, असे साधे विषय. त्याने सगळं विश्वासाने केलं आणि आम्हीही विश्वासाने सोपवलं. आमच्या ऑफिसच्या मेलवरून चॅनेल उघडत होतं, त्यामुळे चॅनेल आमचंच आहे यात कधी शंका आली नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, फोन कमी झाले. मला वाटलं पावसामुळे कडबा काळा पडलाय, शेतकरी थांबलाय. मग आटपाडी भागातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने थेट शेडवर येऊन सांगितलं, "मालक, व्हिडिओखालचा नंबर लावला तर पलीकडचा म्हणतो, ती कंपनी आता ही मशीन बनवत नाही, आमची घ्या." मोबाइल त्याच्या हातातच होता. व्हिडिओत मी स्वतः कुट्टी चालवतोय, आणि खाली वर्णनात नंबर दुसऱ्याच कोणाचा. माझ्या मुलीने एकेक व्हिडिओ उघडून पाहिला. सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या अकरा व्हिडिओंमध्ये नंबर बदललेला होता, आणि पिन केलेल्या कमेंटमध्येही.

त्याच रात्री ऑफिसच्या मेलचा पासवर्ड बदलला, अकराही ठिकाणी आमचा नंबर परत टाकला आणि झोपलो. सहाव्या दिवशी चार व्हिडिओंमध्ये तोच परका नंबर पुन्हा आला.

इथे आम्हाला जे कळलं तेच या लेखाचं कारण आहे. आमचं चॅनेल गुगलच्या ब्रँड अकाउंटवर, म्हणजे अनेकांना मिळून चालवता येणाऱ्या खात्यावर होतं, आणि ब्रँड अकाउंटला स्वतःचा पासवर्डच नसतो. ज्या ज्या माणसाला परवानगी दिलेली आहे तो आपापल्या जीमेलने, आपापल्या पासवर्डने आत येतो. आम्ही बदलला तो फक्त आमच्या एका मेलचा पासवर्ड. दुसऱ्या माणसाची चावी त्याच्याच खिशात होती आणि तिला आमच्या पासवर्डचा धक्काही लागला नव्हता. चॅनेलवर परका हात फिरतोय असं वाटलं की पासवर्ड बदलावा, हे बरोबरच आहे. पण आत येणाऱ्यांची यादी बघितल्याशिवाय तो बदल अर्धवट राहतो.

यादी बघायला यूट्यूब स्टुडिओ उघडायचा, `Settings` मध्ये जायचं आणि `Permissions` दाबायचं. आमचं चॅनेल जुन्या पद्धतीचं असल्यामुळे खरी यादी गुगलच्या `myaccount.google.com/brandaccounts` या पानावर होती. आमच्या मेलने तिथे गेलो तर माणसं घालण्या-काढण्याची सोयच मिळेना. आम्ही फक्त मॅनेजर होतो. शेवटी व्हिडिओवाल्या मुलाला फोन केला. तो आता पुण्यात नोकरी करतो. त्याने व्हिडिओ कॉलवर स्वतःच्या लॅपटॉपची स्क्रीन दाखवली.

चार नावं होती. पहिला तोच, `Primary owner`, म्हणजे मुख्य मालक. दुसरं आमचं ऑफिस, मॅनेजर. तिसरी माझी मुलगी, मॅनेजर. आणि चौथा, `Owner` म्हणून, आमच्या एका जुन्या डीलरकडे काम करणारा पोरगा. त्या डीलरशी आमचा व्यवहार दीड वर्षापूर्वी संपला होता. व्हिडिओवाला ओशाळला. म्हणाला, "काका, कृषी प्रदर्शनात लाइव्ह करायचं होतं, मी तिथे नव्हतो. त्याला मीच घेतलं होतं. काढायचं राहून गेलं." त्याच्यावर मला राग आला नाही. त्याने मागितली ती मदत होती, आणि काढायची आठवण ठेवणं हे माझं काम होतं.

नंबर त्याच पोराने बदलला याचा पुरावा आमच्याकडे नाही. अमक्याने अमक्या दिवशी वर्णन बदललं असा इतिहास आम्हाला स्टुडिओत कुठे सापडला नाही. परवानग्यांच्या यादीतही माणूस आणि त्याची भूमिका दिसते, तो तिथे कसा आला ते दिसत नाही. आम्ही तारखा जुळवल्या त्या मेलवरून. आत घेतलेल्या प्रत्येकाला आमंत्रणाची मेल जाते. मुलीने आणि मी आपापल्या इनबॉक्समध्ये ती शोधून तारखा लिहून घेतल्या. त्या पोराची तारीख व्हिडिओवाल्याच्या आठवणीवर आणि प्रदर्शनाच्या पावतीवर ठरली.

पुढची कामं क्रमाने करणं गरजेचं होतं. आधी त्याच कॉलवर चौथं नाव काढलं. मग माझ्या स्वतःच्या जीमेलला ओनर म्हणून आमंत्रण पाठवायला सांगितलं आणि मी ते स्वीकारलं. प्रायमरी ओनर मात्र लगेच होता येत नाही, ओनर होऊन सात दिवस जावे लागतात. मंगळवारी स्वीकारलं, पुढच्या बुधवारी त्याने मालकी माझ्याकडे दिली. ते आठ दिवस मुलगी रोज सकाळी व्हिडिओंखालचे नंबर तपासत होती. एकही बदलला नाही. मालकी आल्यावर मी तिलाही ओनर केलं, म्हणजे माझा मोबाइल हरवला किंवा मी आजारी पडलो तरी चॅनेल अडकायला नको. व्हिडिओवाल्याने स्वतःहून आपलं नाव काढायला सांगितलं.

नंतर आम्ही स्टुडिओतल्या परवानग्यांकडे वळलो, कारण तिथे कामाप्रमाणे भूमिका वाटता येतात. तिथे एका शब्दाने आम्हाला फसवलं असतं. ब्रँड अकाउंटच्या यादीत मॅनेजर म्हणजे व्हिडिओ टाकणारा, चॅनेल चालवणारा माणूस. तो इतर कोणाला आत घेऊ शकत नाही. स्टुडिओच्या यादीतला मॅनेजर मात्र नवी माणसं घेऊही शकतो आणि असलेली काढूही शकतो. चॅनेल डिलीट करणं तेवढं त्याच्या हातात नसतं. शब्द तोच, चावी वेगळी. जुन्या सवयीने मी सगळ्यांना मॅनेजर करणार होतो.

तेव्हा टळलं, पण २०२४ च्या उन्हाळ्यात नेमकं तेच झालं. आम्ही एडिटिंगचं काम बाहेर दिलं आणि घाईत त्या मंडळींना मॅनेजर म्हणून घेतलं. महिना संपल्यावर मुलीने यादीचा स्क्रीनशॉट काढून मागच्या महिन्याच्या शेजारी ठेवला. मागच्या वेळी चार ओळी, आता सहा. दोन अनोळखी मेल, दोघेही एडिटर. विचारलं तर कळलं, त्यांच्याकडची नवी मुलं होती, काम वाटून घ्यायला आत घेतलेली. हेतू वाईट नव्हता, पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून बाहेरच्या कोणालाही मॅनेजर करत नाही.

आता व्हिडिओ करणाऱ्याला एडिटर ठेवतो. एडिटर व्हिडिओ टाकतो, शीर्षक-वर्णन लिहितो, पण माणसं घालू-काढू शकत नाही. एक डीलर आकडे बघायला मागत होता, त्याला फक्त बघण्याची, तीही कमाई न दिसणारी परवानगी दिली : `Viewer (limited)`. पण एडिटर म्हणजे सुरक्षित असं समजू नका. एडिटर वर्णन बदलू शकतो, म्हणजे फोन नंबरही बदलू शकतो. आमचं नुकसान एडिटरच्या परवानगीतही तसंच झालं असतं. म्हणून काम संपलं की नाव काढायचंच, भूमिका कितीही लहान असो.

२० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचं यूट्यूब चॅनेल हॅक होऊन त्यावर क्रिप्टोचे व्हिडिओ दिसल्याची बातमी आली. तेव्हा मुलीने माझं जीमेलही तपासायला बसवलं. परवानग्यांची यादी कितीही स्वच्छ असली तरी ओनरच्या जीमेलमध्येच कोणी बसला असेल तर सगळं त्याचंच. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर अलीकडच्या घडामोडी आणि लॉगिन असलेली डिव्हाइस दिसतात. घडामोडी २८ दिवसांच्याच दिसतात, म्हणून आम्ही महिन्याची वाट न बघता दर चौथ्या सोमवारी बघतो. माझ्या खात्यात एक जुना मोबाइल अजून लॉगिन होता, जो मी तीन वर्षांपूर्वी विकला होता. आणि रिकव्हरीला, म्हणजे खातं अडकलं तर ते परत मिळवायला, नंबर होता आमच्या सोडून गेलेल्या अकाउंटंटचा. दोन्ही तिथल्या तिथे काढले.

वडील आता शेडवर रोज येत नाहीत. त्यांचा फळा अजून दारामागेच आहे. गेटच्या चावीशेजारच्या रिकाम्या खिळ्याला मुलीने एक वही अडकवली आहे. तारीख, मेल, भूमिका, कोणी घेतलं, कशासाठी, कधी काढायचं, असे सहा रकाने. शेवटची नोंद गेल्या सोमवारची : प्रदर्शनातल्या लाइव्हसाठी एक मुलगा, एडिटर, तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी तिने स्टुडिओ उघडला, नाव काढलं आणि त्या ओळीवर लाल रेघ मारली.