डब्यावरचे वजन आणि डब्यातला राजमा

माझी भाची अमेरिकेत ओहायोला राहते. गेल्या दिवाळीत तिने तिच्याकडच्या राजम्याच्या रश्शाची कृती फोनवर पाठवली. तिच्यात 28 औंसांचा टोमॅटोचा एक डबा, 15 औंसांचे राजम्याचे दोन डबे आणि 13.5 औंसांचा नारळाच्या दुधाचा एक डबा असे साहित्य होते. आमच्या जळगावच्या घरी टोमॅटो बाजारातून येतात आणि राजमा किराणा दुकानातून कोरडा येतो, त्यामुळे ते डबे ग्रॅममध्ये आणि कपांत उतरवून घेणे भाग होते. एक औंस म्हणजे 28.35 ग्रॅम एवढा एकच आकडा धरून मी तिन्ही डब्यांचा हिशेब केला आणि तिथेच चुकले.

राजम्याच्या एका डब्याचे 425 ग्रॅम झाले, दोघांचे 850. तेवढा शिजलेला राजमा मिळावा म्हणून मी साडेतीनशे ग्रॅम कोरडा राजमा रात्री भिजत घातला, कारण कोरडा राजमा शिजल्यावर साधारण अडीचपटीच्या आसपास भरतो. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर वाढायला घेतले तेव्हा पातेल्यात रस्सा दिसेना. पळी आत उभी राहत होती, मीठ-मसाला दाण्यांना पुरला नव्हता आणि टोमॅटोची चवही कुठे लागत नव्हती. कृतीत तर स्पष्ट लिहिले होते की रस्सा पातळसर असावा.

मी भाचीला फोन केला आणि एक डबा फोडून, चाळणीत निथळून, फक्त दाणे काट्यावर ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मामी, दाणे 257 ग्रॅमच भरले, बाकी सगळं पाणी आहे!" तिकडच्या डब्यावरचे 15 औंस हे दाणे आणि त्यांचे खारट, चिकट पाणी मिळून असलेले वजन आहे, आणि तिच्या कृतीत तर ते पाणी ओतून दाणे धुऊन घ्यायला सांगितलेले होते. म्हणजे दोन डब्यांतून मला हवे होते सुमारे 510 ग्रॅम दाणे, एका डब्यामागे साधारण दीड कप, आणि मी जवळजवळ साडेतीनशे ग्रॅम जास्तीचे घातले होते. इंग्लंडकडच्या डब्यांवर बहुधा दोन वजने छापलेली असतात, एकूण 400 ग्रॅम आणि निथळलेले 240 ग्रॅम, त्यामुळे तिथे अशी फसगत होत नाही. तिकडचे दोन डबे घेतले तरी तीस ग्रॅमांचा फरक रश्शाला जाणवत नाही.

टोमॅटोच्या डब्याला मात्र हा नियम लावायचा नाही, कारण त्यातला रस ओतून द्यायचा नसतो. 28 औंस म्हणजे 794 ग्रॅम, सुमारे सव्वातीन कप, ते सगळे पातेल्यात जाते. मी एक किलो ताजे टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलले, देठाचा कठीण भाग काढला आणि फोडी शिजवत ठेवल्या. पातेल्याचे रिकामे वजन आधीच लिहून ठेवले होते. आतला ऐवज आठशे ग्रॅमांवर आला तेव्हा आच बंद केली. ताजे टोमॅटो तसेच घातले असते, तर त्यांच्या पाण्याने रस्सा फिका झाला असता.

नारळाच्या दुधाच्या डब्यावरचे 13.5 औंस हे वजनाचे नसून द्रवमापाचे आहेत, आणि तो औंस 29.57 मिलिलिटरचा असतो. म्हणून तो डबा 400 मिलिलिटरचा, सुमारे एक कप आणि दोन तृतीयांश, आणि आपल्याकडची 200 मिलिलिटरची दोन पाकिटे त्याला बरोबर पुरतात. अर्धेच दूध वापरायचे असेल तर पाकीट किंवा डबा आधी हलवून एकजीव करावा लागतो. खानदेशातल्या थंडीच्या सकाळी खोबऱ्याची साय वर गोठलेली असते, मग अर्ध्या मापात कधी नुसती साय येते, तर कधी नुसते पाणी.

हे सगळे कप तिकडचे, म्हणजे सुमारे 240 मिलिलिटरचे आहेत. माझा चहाचा कप मी काट्यावर ठेवून काठोकाठ पाण्याने भरला, तर पाणी 160 ग्रॅम भरले. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते, तेव्हा त्यांचा एक कप म्हणजे माझे दीड कप.

दुसऱ्यांदा मी 210 ग्रॅम कोरडा राजमा भिजवला. शिजवून निथळल्यावर तो 505 ग्रॅम भरला आणि रस्सा भाकरी कुस्करून खाण्याइतका पातळ राहिला. फक्त डब्यातले दाणे मिठात मुरलेले असतात, माझे नव्हते, म्हणून शिजवतानाच्या पाण्यात मी चमचाभर मीठ घातले.